झेलम, आबा आणि "पण का?"

दिवस पहिला, पुणे ते भुसावळ

ह्यांचं पोस्टिंग सध्या जम्मूला आहे, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी, सोनू आणि माझे बाबा असे तिघं झेलमने निघालो. एसीचं तिकीट काही मिळालं नाही, स्लीपरची तीन मिळाली तीच घेतली. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस, दोन हजारांच्या वर किलोमीटर. सोनू सहा वर्षांचा आहे आणि सध्या त्याच्या प्रत्येक वाक्याचा शेवट "पण का?" असा होतो, मला तर घरी संध्याकाळपर्यंत उत्तरं संपलेली असतात. बाबा मात्र रेल्वेत रूळाच्या कामावर होते, भुसावळ डिव्हिजनला गँगमन म्हणून लागले आणि पी-वे मिस्त्री म्हणून रिटायर झाले, त्यामुळे सोनूला म्हटलं की गाडीतलं काय विचारायचं ते आबांना विचार.

संध्याकाळी पुणं सोडलं आणि हडपसरच्या पुढे गाडीने जरा स्पीड घेतला तसा पहिला प्रश्न आला. "आबा, ही गाडी खडखड का करत नाही? गोष्टीतली तर करते."

मला वाटलं बाबा लगेच सांगतील. त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले, "करतच नाही का? डोळे मीट आणि ऐक बरं." सोनू डोळे मिटून बसला. नुसती घरघर चालली होती. मग एक स्टेशन आलं, गाडी न थांबता गेली, आणि तेवढ्यापुरतं खाली खडाखड खडाखड झालं. सोनूने डोळे उघडले. "आत्ता केली!" बाबा म्हणाले, "कुठे केली? स्टेशनपाशी ना? तिथे रुळांना फाटे फुटतात, सांधे असतात. पूर्वी असे सांधे सगळीकडेच होते. एक रूळ तेरा मीटरचा, मग सांधा, मग परत तेरा मीटर. चाक सांध्यावर आलं की खट्."

"मग आता सांधे का नाहीत?"

"जोडून टाकले, वेल्डिंग केलं."

"पण आधी का नाही जोडले?"

इथून जे सुरू झालं ते पार दौंड येईपर्यंत. बाबांनी सांगितलं की रूळ उन्हात लांब होतो आणि थंडीत आखडतो. तेरा मीटरच्या रुळाला थंडीतल्या पहाटेपेक्षा उन्हाळ्याच्या दुपारी ४० डिग्री जास्त ऊन लागलं तर तो साधारण ६ मिलिमीटर वाढतो. त्यांनी सोनूच्या करंगळीचं नख त्याला दाखवलं, एवढं. तेवढ्यासाठी दोन रुळांच्या मधे फट ठेवायची आणि बाजूने पट्ट्या लावून बोल्ट मारायचे. पण चाक त्या फटीवर आदळतं, रोज शेकडो चाकं आदळतात, रुळाची टोकं चेपतात, खालची खडी बसते, बोल्ट ढिले होतात, आणि रूळ तडकायचा तो बहुतेक वेळा सांध्याजवळच. म्हणून मग फटी काढून टाकल्या.

"मग आता उन्हात रूळ कुठे जातो?"

बाबा हसले. "हे उद्या दुपारी. आत्ता ऊन कुठेय?" आणि सोनूने चक्क मान्य केलं! मी "नंतर सांगते" म्हटलं की तो अजिबात ऐकत नाही, पण बाबांनी वेळ सांगितली होती, कारण सांगितलं होतं, कदाचित त्यामुळे असेल.

मग बाबांनी त्याला जुनी गंमत सांगितली. खटके होते तेव्हा घड्याळ लावून ४७ सेकंद खटके मोजायचे, जितके खटके तितका गाडीचा ताशी स्पीड. ६० खटके म्हणजे ६० किलोमीटर. हे माझ्या लहानपणी मी त्यांना करताना बघितलंय, बोटं मांडीवर आपटत मोजायचे, पण ४७ च का हे मी कधी विचारलं नव्हतं. आज सोनूने विचारलं आणि बाबांनी तिकिटाच्या मागे गणित करून दाखवलं, तेरा मीटर एका खटक्याला, तासाची ३६०० सेकंदं, हजार मीटरचा किलोमीटर, गुणाकार भागाकार केला की ४६.८ येतं. सोनूला गणित काही कळलं नाही पण मला कळलं, चाळीस वर्षांनी.

आता खटके नाहीत तर किलोमीटरच्या पाट्या बघायच्या. एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत ४० सेकंद लागले म्हणजे ९० चा स्पीड. सोनूने दौंडपासून अंधार पडेपर्यंत हेच केलं, मोबाईलचं स्टॉपवॉच माझ्याकडून घेऊन.

रात्री मनमाड गेलं तरी दोघं जागेच. बाहेर काही दिसत नव्हतं, पण बाबांना प्रत्येक स्टेशन अंधारातही कळत होतं. नांदगाव गेलं, चाळीसगाव आलं, पुढे पाचोरा. ही त्यांची हद्द. ते खिडकीला टेकून बसले आणि सोनू त्यांच्या मांडीवर.

"आबा तुम्ही इथे काय करायचा?"

"चालायचो."

"रात्री?"

"थंडीत रात्रीच."

"पण का? रात्री तर झोपतात."

बाबा म्हणाले, "थंडीत रूळ आखडतो म्हटलं ना, आणि आता सगळे जोडलेले, दोन्हीकडून ताणले गेले तर? दोरी ताणली तर काय होतं? तसा कुठे आतून कच्चा असला तर तो तुटतो, आणि तुटतो पहाटे, सगळ्यात गार असतं तेव्हा. ते कुणीतरी गाडी यायच्या आत बघायला नको?" मग कंदील, लाल झेंडी, पाठीवर पिशवी आणि पिशवीत फटाके. दिवाळीतले नव्हेत, रुळावर बसवायचे चपटे डबीसारखे, इंजिनाचं चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं की पुढे धोका आहे.

एका जानेवारीत पाचोऱ्याच्या अलीकडे त्यांना तुटलेला रूळ सापडला होता. हे मला माहीतच नव्हतं! कंदिलाच्या उजेडात रुळाच्या डोक्यावर काळी रेघ दिसली, बोट लावून बघितलं तर बोटाचं पेर आत जाईल एवढी फट. बरोबरच्या माणसाला तिथेच लाल दिवा घेऊन उभं केलं आणि हे गाडी येणार त्या दिशेने पळत सुटले. सहाशे मीटरवर एक फटाका लावला, मग आणखी सहाशे पळून बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरवर.

"तीन का?"

"एक सादळलेला निघाला तर?"

"आणि एवढं लांब का?"

"गाडी ब्रेक मारल्या मारल्या थांबत नाही रे. किलोमीटरभर तरी सरकतच राहते. तुटलेल्या जागेपाशी उभं राहून लाल दिवा दाखवला तर ड्रायव्हरला दिसेल, पण तो काय करणार?"

गाडी थांबली. मालगाडी होती. ड्रायव्हर खाली उतरला, बाबांना म्हणाला पाणी पी आधी. एवढंच बाबांनी सांगितलं त्याबद्दल.

सोनू थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग तेव्हा आई घरी कुणाजवळ झोपायची?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीच्या गजावर हात ठेवून म्हणाले, "आजीजवळ." आणि ह्यावेळी सोनूने पण का विचारलं नाही, त्याला झोप लागायला आली होती. मी वरच्या बर्थवर होते, ऐकत होते. थंडीत बाबा घरी नसायचे एवढंच मला आठवतं, सकाळी शाळेत जाताना ते दारात बसून बूट काढत असायचे आणि बुटांना ग्रीसचा वास यायचा. मी त्यांना कधी विचारलं नाही की रात्रभर कुठे होता. आमच्या वेळी वडिलांना असं कोण विचारायचं, आणि विचारलं असतं तर एवढं सांगायला ते जागे तरी असायला हवे होते.

मध्यरात्रीनंतर कधीतरी भुसावळ. बाबा उतरले, प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं नुसते उभे राहिले आणि परत येऊन झोपले.

दिवस दुसरा, इटारसी ते दिल्ली

सकाळी इटारसीला चहा घेतला. सोनूने रात्रीच्या झोपेत प्रश्न साठवून ठेवला असावा, कारण डोळे चोळत उठला तोच म्हणाला, "आबा, ड्रायव्हरकडे स्टीअरिंग असतं का?"

"नसतं."

"मग गाडी वळते कशी?"

बाबांनी माझ्याकडे हात केला, "कप फेकू नकोस, अजून दोन चहा घे." कागदाचे चार कप जमले. सोनूचा प्लॅस्टिकचा क्रिकेट सेट सामानात होता (नको नको म्हणत असताना त्याने कोंबलाच होता), त्यातले दोन स्टंप बाबांनी बर्थवर समांतर ठेवले, मधे चार बोटं अंतर, आणि एका टोकाला चादर घडी करून उंच केलं. झाले रूळ. मग दोन कप तोंडाला तोंड लावून माझ्या औषधाच्या डब्यातल्या चिकटपट्टीने जोडले, म्हणजे मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळतं. दुसरे दोन कप बुडाला बूड लावून जोडले, मधे बारीक आणि टोकांना जाड, डमरूसारखे.

"सोड आता. आधी हा डमरू."

सोनूने सोडला. दोन वीत गेला नसेल, एका बाजूला सरकला, आणखी सरकला आणि पडला. पुन्हा सोडला, पुन्हा पडला. मग तोंडाला तोंडवाला सोडला. तो थोडा डावीकडे गेला, आपोआप उजवीकडे आला, थोडा डुलला आणि पार खालपर्यंत गेला. मुद्दाम वाकडा ठेवून सोडला तरी सरळ झाला. समोरच्या बर्थवरचे लुधियानाला निघालेले काका चहा हातात धरून बघत राहिले, मग म्हणाले एकदा मला देऊन बघा.

"का?" सोनूच्या आधी तेच म्हणाले.

बाबांनी सोनूला उठवलं, हात धरला आणि पॅसेजमधे दोघं वळले, बाबा मधे जागच्या जागी आणि सोनू बाहेरून गोल. "जास्त कोण चाललं?" "मी." "बाहेरचा असतो त्याला जास्त चालावं लागतं. आता कप बघ. कप डावीकडे सरकला की डाव्या स्टंपवर कपाचा जाड भाग येतो आणि उजव्यावर बारीक. एका फेरीत जाड भाग जास्त चालतो, बारीक कमी. दोघं एकाच दांड्याला बांधलेले, मग काय होणार? डावी बाजू पुढे जाणार, उजवी मागे राहणार, आणि अख्खा कप उजवीकडे वळणार. परत मधे." गाडीची दोन चाकंही अशीच एका आसाला घट्ट बसवलेली असतात, वेगवेगळी फिरत नाहीत, आणि चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, आतल्या बाजूला जाड आणि बाहेर निमुळता. उतार अगदी थोडा, मुळात वीसाला एक, म्हणजे वीस मिलिमीटर बाहेर गेलं की एक मिलिमीटर कमी. डोळ्याला दिसतही नाही. पण वळणावर गाडी आपोआप बाहेरच्या रुळाकडे सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर येतं, जास्त चालतं आणि गाडी वळते.

"आणि आतल्या बाजूला चाकाला कड असते ना, ती का?" हे काकांनी विचारलं. मलाही आजवर असंच वाटत होतं की त्या कडेनेच गाडी रुळावर राहते.

बाबा म्हणाले ती कड म्हणजे फ्लँज, ती शेवटचा आधार. सरळ रुळावर ती रुळाला लागतच नाही, लागायला नको. फार कडक वळण असलं की लागते आणि मग किंचाळते, तो आवाज आला की समजायचं फ्लँज घासतेय. म्हणून वळणावर रुळाच्या आतल्या अंगाला ग्रीस लावतात. मला बुटांचा वास आठवला.

नशीब म्हणजे पुढेच नर्मदा ओलांडली की बुधनीपासून बरखेड्यापर्यंत घाट आहे, विंध्याचा, सागाचं जंगल आणि वळणंच वळणं. मे महिन्यात साग सगळा बोडका होता त्यामुळे लांबचं दिसत होतं. सोनूला मांडीवर घेऊन बाबा खिडकीशी बसले. एका वळणावर पुढचे डबे आणि इंजिन दिसलं, तसं खालून बारीक कीऽऽ असा आवाज आला. सोनू ओरडला, "फ्लँज!" सगळा डबा आमच्याकडे बघायला लागला. भोपाळ येईपर्यंत त्याने तीन वेळा फ्लँज ऐकली.

भोपाळनंतर ऊन चढलं. बीना, ललितपूर, खिडकीतून येणारी हवा म्हणजे भट्टीच. ओला पंचा खिडकीला लावला तो पंधरा मिनिटांत कडकडीत. झाशीच्या अलीकडे सोनूला आठवलं. "आबा, आता ऊन आहे. रूळ कुठे जातो सांगा."

बाबा तयारच होते. हवा ४४ डिग्री असेल तर उन्हातला रूळ साठच्या पुढे जातो. तेरा मीटरला ६ मिलिमीटर, तर एक किलोमीटर सलग रूळ मोकळा असता तर जवळजवळ अर्धा मीटर वाढला असता. पण त्याला वाढूच द्यायचं नाही. तो खालच्या आडव्या स्लीपरला घट्ट पकडलेला आणि स्लीपर खडीत घट्ट बसलेला. वाढायची सगळी ताकद आतल्या आत दाबून धरलेली. शिवाय रूळ पक्के करतात तेच ना फार थंड ना फार गरम अशा वेळी, म्हणजे दोन्हीकडचा त्रास निम्मा होतो.

"पण खडी कशी धरेल? ती तर सुटी असते."

मग आमच्या खाऊच्या पिशवीतून बाबांनी दोन डबे काढले, एकात फुटाणे आणि एकात देवीसाठी घेतलेली खडीसाखर. दोन्हीत चमचा उभा रोवला आणि सोनूला सांगितलं बोटाने ढकल. फुटाण्यातला लगेच कलंडला. खडीसाखरेतला अडला, जोर लावावा लागला. "फुटाणे गोल, एकमेकांवरून घसरतात. खडीसाखरेला कोपरे आहेत, एकमेकांत अडकतात. म्हणून नदीतले गोटे चालत नाहीत, फोडलेला कोपरेवाला दगडच लागतो, एवढा," त्यांनी लिंबाएवढी मूठ केली. स्लीपरच्या टोकांना बाहेर जो खडीचा खांदा असतो तो लोकांना उगाच सांडल्यासारखा वाटतो, पण रुळाला बाजूला सरकू न देणारा तोच. आणि सुटे दगड म्हणून पाऊस पडला की पाणीही निघून जातं, सिमेंटमधे बसवले असते तर चाकाखाली काहीच दबलं नसतं, सगळा हादरा रुळाला.

"आणि नाही धरलं तर?"

"तर रूळ सापासारखा वाकडा होतो. एका क्षणात." म्हणून उन्हाळ्यात दुपारी चालायचं. बाबा म्हणाले आधी खूण दिसते, रूळ सरळ रेषेत नसतो, किंचित लाटेसारखा दिसायला लागतो, डोकं रुळाच्या पातळीला आणून बघायचं. कुठे खडी कमी झालेली दिसली की तिथे आधी भरायची. आणि खडी नुकतीच उकरली असेल तर ती अजून अडकून बसलेली नसते, तोवर त्या तुकड्यावर गाडी हळू न्यायची.

हे बोलणं चालू असतानाच आमची गाडी हळू झाली, अगदी सायकलच्या स्पीडने चालायला लागली. डब्यात सगळे वैतागले, आधीच उशीर, वर हे. सोनू खिडकीतून खाली बघत होता. बाजूला नवीन खडीचे ढीग, पांढरट धूळ, आणि रुळापासून लांब होऊन पंधरावीस माणसं उभी, डोक्याला पंचे, हातात सब्बल आणि फावडी. बाबांनी खिडकीतून हात वर केला. त्यातल्या एकाने केला. बाकीचे गाडीच्या चाकांकडे बघत होते. "ते आपल्याकडे का नाही बघत?" "चाकाकडे बघतात. काही लोंबतंय का, धूर येतोय का. गाडी पूर्ण जाईपर्यंत बघायचं."

झाशी, ग्वाल्हेर, मग चंबळच्या घळी, आग्रा. उशीर होत गेला. सोनू आग्र्याच्या आधीच झोपला. झोपायच्या आधी त्याने शेवटचं विचारलं की लोखंड तापलं की मोठं का होतं. बाबा म्हणाले आत बारीक बारीक कण असतात, सारखे थरथरत असतात, तापले की जास्त थरथरतात, मग त्यांना जागा जास्त लागते. "पण थरथरतात का?" बाबांनी विचार केला, खरंच केला, मग म्हणाले, "मला इथपर्यंतच माहितीय बाळा. पुढचं तू शिक आणि मला सांग." सोनूने हो म्हटलं. दिल्ली रात्री कधी गेली मला कळलंही नाही.

दिवस तिसरा, पठाणकोट ते जम्मू

सकाळी पठाणकोटला हवा बरी वाटली. काका लुधियानाला उतरून गेले होते, एक कपांची जोडी घेऊन, नातीला दाखवतो म्हणाले. सोनूकडे डमरूवाली उरली, त्याचं त्याला थोडं वाईट वाटलं.

जम्मूला उतरल्यावर हे बाहेर वाट बघत होते, फोनवर फोन. पण सोनू बाबांचा हात धरून उलट्या दिशेला, गाडीच्या शेवटाकडे निघाला. रात्री भुसावळच्या आधी बाबांनी त्याला सांगितलं होतं की शेवटच्या डब्याच्या मागे पिवळा मोठा फुलीचा एक्स असतो आणि एलव्हीची पाटी लावलेली असते, शेवटचा डबा म्हणून, आणि स्टेशनवाला प्रत्येक जाणाऱ्या गाडीची ती पाटी बघतो. नाही दिसली तर समजायचं काही डबे मागे सुटलेत, मग मागच्या गाडीला सोडत नाहीत. ते त्याला बघायचं होतं. मी सामान घेऊन उभी राहिले, ह्यांना म्हटलं पाच मिनिटं थांबा.

लांबून दिसत होते दोघं. सोनूने पाटीला हात लावला नाही, नुसतं बघितलं, मग खाली वाकून चाक बघितलं, बाबा पण गुडघ्यावर हात ठेवून वाकले. चालत परत आले तेव्हा सोनूचं चालू होतं, "पण आबा, गाडी परत पुण्याला जाईल तेव्हा हा डबा पुढे येईल ना, मग पाटी कुठे लावणार?"

"थांबून बघायचं का?" बाबांनी विचारलं, त्याला नाही, मला.

मी ह्यांना फोन लावला आणि म्हटलं तुम्हीच आत या, प्लॅटफॉर्म तिकीट काढून.